किलोमीटरला किती ठोके? एरोबिक पाया वाढतोय का, हे महिनोन्‌महिने मोजायची पद्धत

हळू धावा, पाया बांधा, असं नव्या धावपटूला सगळेच सांगतात. तो दोन-तीन महिने इमानाने हळू धावतो आणि मग विचारतो, "पाया बांधला जातोय हे कळणार कसं?" शर्यतीच्या वेळेवरून ते नीट कळत नाही, कारण शर्यतीत जिद्द, हवामान आणि गर्दी असं बरंच काही मिसळलेलं असतं. धावल्यावर कसं वाटलं यावरून तर मुळीच कळत नाही. पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं, आणि हृदयाचे ठोके यांचं नातं मात्र ते दाखवतं. अट एवढीच की दर वेळी ते एकाच पद्धतीने मोजायला हवं. ती पद्धत इथे पायरीपायरीने देतो आहे.

आधी हा आकडा काय सांगतो ते समजून घ्या. एक किलोमीटर धावायला शरीराला ठरावीक ऑक्सिजन लागतो आणि आरामाच्या वेगात पेस थोडा बदलला तरी तो जवळपास तेवढाच राहतो. हा ऑक्सिजन पोहोचवायचं काम हृदयाचं. नियमित आणि सोप्या धावण्याने रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि पेशींतली ऊर्जाकेंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, वाढतात. मग तोच किलोमीटर कमी ठोक्यांत होतो. गाडी लिटरला किती ॲव्हरेज देते हे आपण पाहतो, तसंच हे शरीराचं ॲव्हरेज.

यातला रक्ताचा बदल पहिल्या एक-दोन आठवड्यांतच दिसू लागतो. केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया यांना महिने लागतात. म्हणून सुरुवातीला आकडा भराभर सुधारतो आणि मग संथ होतो. तो संथ झाला म्हणजे सराव फुकट चाललाय, असं समजू नका. पायाचं खरं काम तिथूनच पुढे होतं.

## काय काय लागेल

- जीपीएस असलेलं धावण्याचं घड्याळ
- छातीवर बांधायचा हार्ट रेट पट्टा (का, ते पायरी १ मध्ये)
- सपाट रस्ता किंवा ट्रॅक, जिथे दर महिन्याला पुन्हा जाता येईल
- वही किंवा साधी एक्सेल शीट
- सकाळचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं कुठलंही हवामान ॲप

आणि एक गोष्ट सुरू करण्यापूर्वीच. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल, तर ती ठोके दाबून ठेवते. तेव्हा खाली दिलेला ठोक्यांचा पट्टा आणि आकडे तुम्हाला लागू होत नाहीत. किती जोर लावायचा हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. छातीत दुखणं, चक्कर येणं किंवा ठोके चुकल्यासारखे वाटणं यांपैकी काही असेल, तर आधी तपासणी आणि मग धावणं.

## पायरी १: ठोके खरे आहेत ना, ते पाहा

मनगटावरचा सेन्सर त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताची स्पंदनं मोजतो. धावताना हात हलतो, घड्याळ थोडं सरकतं आणि सेन्सर हृदयाच्या ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतो. बहुतेकांची पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात. म्हणून आरामात धावताना घड्याळ १६८ दाखवू लागलं आणि तिथेच चिकटून राहिलं, तर संशय घ्या. धावून झाल्यावर ॲपमध्ये हार्ट रेट आणि केडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, यांचे आलेख एकाखाली एक ठेवून बघा. दोन्ही रेषा एकाच आकड्याभोवती चालत असतील आणि तुम्ही गप्पा मारू शकत असाल, तर ती नोंद सरळ टाकून द्या.

महिन्याकाठी आपण तीन-चार टक्क्यांचा फरक शोधणार आहोत. सेन्सरच दहा-वीस ठोक्यांनी चुकत असेल तर पुढच्या सगळ्या खटाटोपाला अर्थ राहत नाही. म्हणून चाचणीच्या दिवशी तरी छातीचा पट्टा वापरा. त्यालाही एक खोड आहे. तो कोरडा असेल तर पहिली काही मिनिटं वाटेल ते आकडे दाखवतो, विशेषतः हिवाळ्यात आणि सिंथेटिक टी-शर्ट घातला असेल तर. पट्ट्याच्या आतल्या बाजूचे रबरी भाग पाण्याने ओले करा आणि मगच बांधा. धावून आल्यावर पट्टा साध्या पाण्यात धुवा. घामाचं मीठ साचलं की संपर्क बिघडतो.

## पायरी २: ठोक्यांचा एकच पट्टा ठरवा आणि तो बदलू नका

बरेचजण सगळ्या धावांची सरासरी काढून तुलना करतात. तसं केलं की आकडा फसवतो, आणि का ते नीट समजून घेण्यासारखं आहे. वेग वाढला की ठोके वाढतात, पण वेगाच्या प्रमाणात नाही. स्वस्थ उभं असतानाही हृदय धडधडतच असतं, आणि जोर वाढला की प्रत्येक ठोक्यातून जास्त ऑक्सिजन काढला जातो. त्यामुळे तोच माणूस त्याच दिवशी ८ मिनिटांच्या पेसने १३८ ठोक्यांवर धावला तर किलोमीटरला ११०४ ठोके पडतात. साडेसहाच्या पेसने १६० वर धावला तर १०४० पडतात. फिटनेस तीच आणि आकडा ६४ ने चांगला! म्हणजे नुसतं जोरात धावूनही 'प्रगती' दाखवता येते.

उपाय सोपा आहे. ठोके पक्के ठेवा आणि पेस बदलू द्या. कुठल्या ठोक्यांवर? प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांचं साधं सूत्र आहे: १८० वजा तुमचं वय. हवाईची आयर्नमॅन शर्यत सहा वेळा जिंकणारे मार्क ॲलन त्यांच्याच पद्धतीने सराव करत. ४१ वर्षांच्या माणसाला हे सूत्र १३९ देतं. मात्र वयावरून काढलेला कुठलाही आकडा एखाद्या माणसासाठी दहाएक ठोक्यांनी इकडेतिकडे असू शकतो, म्हणून बोलून खात्री करा. त्या ठोक्यांवर धावताना पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर आकडा पाचने खाली आणा. ठरलेल्या आकड्याच्या दोन खाली, दोन वर, एवढाच पट्टा ठेवा.

हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. वर्षभर तो बदलायचा नाही. मध्ये वाढदिवस येऊन गेला म्हणून एकने कमीही करायचा नाही.

## पायरी ३: रस्ता, वेळ आणि आदला दिवस

चढाचा रस्ता नको. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसाठी तुम्ही यवतेश्वरचा घाट रोज चढत असाल तरी चाचणी सपाटीवरच करा. घाटात पेस घसरतो तो चढामुळे, त्यावरून पायाचं काही कळत नाही. ४०० मीटरचा ट्रॅक मिळाला तर उत्तम, कारण तिथे अंतराचा प्रश्नच मिटतो. पहिल्या लेनमधून धावा आणि फेऱ्या मोजा. ट्रॅक नसेल तर मरीन ड्राइव्हसारखा सरळ सपाट रस्ता चालेल. मात्र तिथे समुद्राचा वारा असतो, म्हणून जाऊन-येऊन धावा. उंच इमारतींच्या किंवा दाट झाडीच्या गल्लीत जीपीएसचं अंतर भरकटतं, ती टाळा. ट्रेडमिल वापरायची तर वर्षभर तीच ट्रेडमिल वापरा. ट्रेडमिलचा आणि रस्त्याचा आकडा एका रकान्यात कधीच लिहू नका.

वेळ पहाटेची आणि दर वेळी तीच. आदल्या दिवशी विश्रांती किंवा अगदी हलकी धाव. चहा-कॉफी घेऊन धावायची सवय असेल तर प्रत्येक चाचणीला घ्या, नसेल तर कधीच नको. शूजही शक्यतो एकाच प्रकारचे. मासिक पाळी असलेल्या स्त्रियांनी चाचणी चक्राच्या साधारण त्याच टप्प्यावर ठेवावी. पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत शरीराचं तापमान किंचित वाढतं आणि बऱ्याच जणींचे ठोकेही थोडे वर राहतात. दर चार आठवड्यांनी चाचणी घेतली तर हे बहुधा आपोआप जमतं.

## पायरी ४: चाचणी

१५ मिनिटं वॉर्म-अप करा. आधी चाला, मग हळू धावा आणि ठोके पट्ट्याच्या जवळ येऊ द्या. वॉर्म-अप वगळला तर पहिल्या किलोमीटरात ठोके अजून चढत असतात आणि सरासरी खोटी खाली येते. मग लॅपचं बटण दाबा आणि ६ किलोमीटर त्या पट्ट्यात धावा. घड्याळातला ऑटो-पॉज बंद ठेवा. घड्याळ दर किलोमीटरला आपोआप लॅप घेत असेल तर छानच.

पेसकडे बघायचंच नाही. स्क्रीनवर फक्त हार्ट रेट ठेवा. ठोके वर गेले की सावकाश व्हा, खाली गेले की किंचित वाढवा. शेवटच्या किलोमीटरात ठोके आवरण्यासाठी जवळजवळ जॉगिंगवर यावं लागलं तरी या. नव्या धावपटूंना इथे मधेमधे चालावंही लागतं. चाला, पण वहीत तसं लिहा.

## पायरी ५: गणित

घड्याळातून दोनच गोष्टी घ्या: वॉर्म-अप सोडून उरलेल्या ६ किलोमीटरचा सरासरी पेस आणि सरासरी ठोके. पेस मिनिटांच्या दशांशात बदला. म्हणजे ८ मिनिटं २४ सेकंद असतील तर २४ भागिले ६०, म्हणून ८.४. आता गुणाकार करा.

किलोमीटरला ठोके = पेस (मिनिटं) × सरासरी हार्ट रेट

८.४ × १३९ = ११६८. हा आकडा जितका कमी तितकं चांगलं. काही ॲप हेच उलटं करून दाखवतात, म्हणजे दर ठोक्याला किती मीटर. तिथे आकडा वाढायला हवा. दोन्हींचा अर्थ एकच, फक्त एकाच पद्धतीला धरून राहा.

शेजारच्या रकान्यांत तापमान, आर्द्रता, झोप कशी झाली आणि वजन लिहा. वजनाचा रकाना अनेकजण सोडतात, पण तो हवाच. चार किलो कमी झाले तर तेच अंतर कापायला ऑक्सिजनच कमी लागतो आणि आकडा सुधारतो. ती सुधारणा खरीच आहे, पण ती सगळी हृदयाच्या आणि स्नायूंच्या खात्यात टाकता येत नाही.

## पायरी ६: महिन्यांची नोंद वाचणं

हे एक उदाहरण. आमच्या ठाण्याच्या गटातल्या एका ताईंची वही, त्यांच्या परवानगीने. वय ४१, ठरलेले ठोके १३९, सकाळी पावणेसहा, तोच रस्ता. वर्षभर वजनात म्हणण्यासारखा फरक नाही.

| महिना | पेस | ठोके | किलोमीटरला ठोके | तापमान |
|---|---|---|---|---|
| जुलै | ८:२४ | १३९ | ११६८ | २६° |
| ऑगस्ट | ८:१५ | १४० | ११५५ | २६° |
| सप्टेंबर | ८:०६ | १३९ | ११२६ | २५° |
| ऑक्टोबर (पहिली) | ८:२४ | १३९ | ११६८ | २५° |
| ऑक्टोबर (दुसरी) | ८:०० | १३९ | १११२ | २५° |
| नोव्हेंबर | ७:४२ | १३९ | १०७० | २१° |
| डिसेंबर | ७:३० | १३८ | १०३५ | १८° |
| पुढचा जुलै | ७:३६ | १३९ | १०५६ | २६° |

पहिल्यांदा गोंगाट बाजूला काढा. त्याच पेसला एका दिवसापासून दुसऱ्या दिवसात तीन-चार ठोक्यांचा फरक सहज पडतो. १३९ मध्ये तीन-चार म्हणजे दोन-तीन टक्के, आणि किलोमीटरच्या आकड्यात साधारण २५ ते ३५. याच्या आतला फरक दिसला तर त्याचा काहीच अर्थ लावू नका. जुलै ते ऑगस्टची १३ ठोक्यांची घट त्यातच मोडते. सप्टेंबरपर्यंत मात्र ४२ ठोके कमी झाले आणि हवा जवळपास तीच होती. पाया वाढू लागल्याची या वहीतली पहिली विश्वासार्ह खूण ती.

ऑक्टोबरची पहिली चाचणी बघा. आकडा थेट जुलैवर परत. ताई घाबरल्या आणि सरावात काही चुकतंय म्हणून वेगाचे वर्कआउट सुरू करायला निघाल्या. वहीतल्या झोपेच्या रकान्यात उत्तर होतं: नवरात्र, नऊ दिवसांचा उपास आणि रात्रीचा गरबा. आठवडाभर नीट खाऊन-झोपून पुन्हा चाचणी घेतली तेव्हा १११२ आले. एकच वाईट आकडा पाहून सराव बदलू नका. आठवड्याने पुन्हा मोजा.

सप्टेंबर ते डिसेंबरची घट ९१ ठोक्यांची, सगळ्यात डोळ्यांत भरणारी, पण तिच्यावरच सगळ्यात कमी विसंबावं. उकाड्यात आणि दमट हवेत शरीर गार ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, घामाने रक्ताचा द्रवभाग कमी होतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि तेच काम भागवायला ठोके वाढतात. थंडी पडली की हे ओझं उतरतं. कोकणपट्टीत जूनमध्ये सराव सुरू करून जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनला उतरणाऱ्या प्रत्येकाचा आकडा हिवाळ्यात सुधारतो. त्यातला सरावाचा वाटा किती आणि हवेचा किती, हे त्या मोसमात वेगळं काढता येत नाही.

म्हणून शेवटची ओळ महत्त्वाची. पुढच्या जुलैत, त्याच २६ अंशांत आणि तशाच दमट हवेत, आकडा १०५६ आला. जुलैची तुलना जुलैशी केली तर ११२ ठोके, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या आसपास सुधारणा. डिसेंबरच्या १०३५ वरून हा आकडा २१ ने वाढलेला दिसतो, पण तो हवेचा हिशेब. वर्षभरात पाया किती वाढला ते असंच कळतं: त्याच महिन्याची तुलना त्याच महिन्याशी. पहिल्या वर्षी मागची नोंद नसते, तेव्हा तापमानात दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नसलेले महिनेच एकमेकांशेजारी ठेवा.

## पायरी ७: धावेचे दोन भाग करून पाहा

तीन-चार महिन्यांनी, साधारण तासभराची धाव जमू लागली की हे सुरू करा. वॉर्म-अपनंतर एक तास त्याच पट्ट्यात धावा आणि पहिल्या अर्ध्या तासाचा व दुसऱ्या अर्ध्या तासाचा आकडा वेगवेगळा काढा. समजा पहिल्या भागात ७:२० चा पेस आणि १४४ ठोके, म्हणजे १०५६. दुसऱ्यात ७:३८ आणि १४५, म्हणजे ११०७. घसरण ४.८ टक्के.

पाच टक्क्यांच्या आत असेल तर त्या लांबीला तुमचा पाया पुरतो, असा प्रशिक्षकांचा ढोबळ संकेत आहे. दहाच्या वर गेली तर एकतर धाव तुमच्यासाठी लांब होती, किंवा ठोक्यांचा पट्टा वर ठेवला गेला, किंवा ऊन चढलं आणि पाणी कमी पडलं. उन्हाळ्यात ही घसरण सगळ्यांचीच वाढते, त्यामुळे इथेही मोसम पाहूनच बोला. लाँग रनचं अंतर वाढवायचं की नाही, हे ठरवायला मला हा आकडा महिन्याच्या चाचणीपेक्षाही जास्त उपयोगी वाटतो.

## पायरी ८: आकडा बिघडला किंवा फारच सुधारला तर

लागोपाठ दोन-तीन चाचण्या बिघडल्या आणि हवा, झोप, आजारपण यांपैकी काहीच कारण दिसत नसेल, तर रक्त तपासा. हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, दोन्ही. ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन कमी झालं की हृदयाला तीच मजल मारायला जास्त ठोके द्यावे लागतात. आपल्याकडे स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता इतकी आढळते की ही शक्यता शेवटी नव्हे, आधी तपासावी. लोहाच्या गोळ्या मात्र रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी दिल्या तरच घ्या. ताप, डेंग्यू किंवा व्हायरल होऊन गेल्यावर काही आठवडे ठोके चढेच राहतात. तेवढा काळ चाचणी घेऊच नका.

उलटा सापळा जास्त फसवा आहे. आकडा एकाएकी खूप सुधारतो, पण पाय जड असतात, जिना चढताना मांड्या भरून येतात, आणि प्रयत्न करूनही ठोके वर जात नाहीत. हा पाया वाढल्याचा नव्हे, साचलेल्या थकव्याचा प्रकार असू शकतो. खूप सरावाने थकलेल्या शरीरात हृदय जोराला नेहमीसारखा प्रतिसाद देत नाही, आणि कागदावर तेच सुधारणा म्हणून उमटतं. ओळखायचं कसं? खरी सुधारणा असेल तर त्याच ठोक्यांवर धाव सोपी वाटते. थकवा असेल तर त्याच ठोक्यांवर ती जड वाटते. म्हणून वहीत आणखी एक रकाना ठेवा: धाव किती जड वाटली, १ ते १०. आकडा खाली आणि हा रकाना वर असेल, तर आठवडाभर सराव निम्मा करा आणि मग पुन्हा मोजा.

आणि तसं काही न बिघडताही आकडा थांबला तर? त्याच मोसमातले तीन महिने फरक गोंगाटाच्या आतच राहिला, तर पहिला प्रश्न आठवड्याच्या किलोमीटरांचा. बहुतेक वेळा आठवडाभरातलं सोपं धावणंच वाढलेलं नसतं. तेव्हा लाँग रन तशीच ठेवून आठवड्यात एक सोपी धाव वाढवा आणि दोन महिन्यांनी पाहा. किलोमीटर पुरेसे असतील आणि तासाच्या धावेतली घसरणही पाच टक्क्यांच्या आत असेल, तर या पट्ट्यातलं काम सध्यापुरतं झालं. आठवड्यातून एक धाव त्यापेक्षा वरच्या ठोक्यांवर घ्यायला हरकत नाही. महिन्याची चाचणी मात्र जुन्याच आकड्यावर चालू ठेवा.